प्रकल्प नोंदी: क्रिकेटच्या करिअर मोडमधलं रेटिंग, फॉर्म आणि दुखापत

१२ जुलै २०२५

आजपासून नोंदी ठेवते. मी बनवत असलेल्या क्रिकेटच्या संगणक खेळाचा सांगाडा उभा आहे: अठरा संघ, प्रत्येकाचे पंधरा खेळाडू, वेळापत्रक, चेंडूगणिक निकाल. आता करिअर मोडचा खरा गाभा करायचा आहे. खेळाडू वर्षानुवर्षं बदलला पाहिजे आणि तो बदल पटण्यासारखा असला पाहिजे.

सगळं एकाच आकड्यात कोंबायचं नाही, हे आधी ठरवलं. बदल तीन वेगांनी होतात. कौशल्य वर्षांच्या हिशेबाने हलतं, फॉर्म आठवड्यांच्या, आणि शरीर दिवसांच्या. हे तीन थर एकमेकांत मिसळले की खेळाडूची सरासरी का घसरली हे खेळणाऱ्याला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नाही.

कौशल्यासाठी 'फुटबॉल मॅनेजर' या संगणक खेळाचा ढाचा समोर ठेवलाय. तिथे पडद्यावर १ ते २० मधले गुण दिसतात, पण आत दोन वेगळे आकडे असतात: आजची क्षमता आणि जास्तीत जास्त गाठता येईल ती क्षमता, दोन्ही २०० पर्यंत. आजची क्षमता हा एक प्रकारचा खर्चाचा हिशेब आहे. खेळाडूच्या जागेला जो गुण महत्त्वाचा, तो वाढवायला जास्त क्षमता खर्ची पडते. गोलरक्षकाची गोल मारण्याची हातोटी वाढवली तर फारसं काही खर्च होत नाही. क्रिकेटलाही हे चपखल बसतं. अकराव्या क्रमांकावर येणाऱ्या गोलंदाजाचा कव्हर ड्राइव्ह सुधारला म्हणून त्याची क्षमता फारशी खर्ची पडू नये.

१९ जुलै

कमाल क्षमता ठरलेली असली की एक अडचण येते. एकदा खेळून झालेल्या माणसाला पुढच्या वेळी कोणता सतरा वर्षांचा मुलगा मोठा होणार हे आधीच ठाऊक असतं. फुटबॉल मॅनेजरने यावर बऱ्याच वर्षांपूर्वी तोडगा काढला. तरुण खेळाडूला नेमका आकडा न देता ऋण आकडा द्यायचा. उणे ९ म्हणजे दर वेळी खेळ नव्याने सुरू करताना एका ठरावीक पट्ट्यातून कमाल क्षमता नव्याने निवडली जाते. खेळासाठी खेळाडूंची माहिती गोळा करणाऱ्या संशोधकाला 'हा मुलगा चांगला होईल, किती ते ठाऊक नाही' असं म्हणता येतं, आणि हेच प्रामाणिक विधान आहे. मी हीच पद्धत घेतली, फक्त पट्टा वयाप्रमाणे अरुंद होत जातो. सतराव्या वर्षी रुंद, तेविसाव्या वर्षी जवळजवळ रेघ.

२ ऑगस्ट

फलंदाजीचा डाव कसा निघतो यावर आठवडा गेला, पण तो सत्कारणी लागला.

सगळ्यात साधी कल्पना ही: फलंदाज कितीही धावांवर असो, पुढची धाव काढण्याआधी बाद होण्याची शक्यता सारखीच. सरासरी ४० असेल तर दर धावेमागे ४१ मध्ये १. गणित सोपं आहे, आणि त्यातून एक गोष्ट निघते जी मी आधी कधी नीट पाहिली नव्हती. अशा फलंदाजाच्या धावांचा चढउतारही साधारण ४० च असतो. म्हणजे दहा डावांची सरासरी काढली तर ती निव्वळ नशिबाने १३ धावा इकडेतिकडे जाते. खरा ४० चा फलंदाज दहा डावांत २७ चा दिसू शकतो किंवा ५३ चा, आणि त्यात त्याचं काहीही बदललेलं नसतं. ४० चा आणि ४५ चा फलंदाज एकमेकांपासून बऱ्यापैकी खात्रीने ओळखायला अडीचशेहून जास्त डाव लागतात. राहुल द्रविडच्या अख्ख्या कसोटी कारकिर्दीचे डाव २८६.

ही साधी कल्पना खऱ्या क्रिकेटला किती जुळते हे पाहायला सचिनचे कसोटी आकडे घेतले: ३२९ डाव, ३३ वेळा नाबाद, सरासरी ५३.७८, शतकं ५१, भोपळे १४. माझ्या सूत्राने ५३.७८ सरासरीच्या फलंदाजाची ३२९ डावांत साधारण ५२ शतकं यायला हवीत. नाबाद डाव अर्धवट थांबतात, ते धरले तर आणखी थोडी कमी. ५१ च्या इतकं जवळ पोचलेलं पाहून मी वहीत दोनदा हिशेब केला. पण भोपळे मात्र सूत्राप्रमाणे फक्त सहा यायला हवेत, आणि प्रत्यक्षात आहेत चौदा.

हा फरक चुकीचा नाही. त्याला आपल्याकडे नाव आहे. नजर बसलेली नसते.

५ ऑगस्ट

नजर बसणं सूत्रात घातलं. शून्यावर असताना फलंदाजाचं कौशल्य चाळीस टक्केच कामी येतं, आणि वीस-पंचवीस धावांपर्यंत ते जवळजवळ पूर्ण होतं.

```python
def out_chance(score, skill):
    settled = 1 - 0.6 * exp(-score / 8)
    return 1 / (1 + skill * settled)
```

`skill` ६० ठेवला तर सरासरी साधारण ५३ येते, ३२९ डावांत भोपळे १३ आणि शतकं ५५ च्या आसपास. शतकं किंचित जास्त झाली, पण भोपळे जागेवर आले. एक धाव एका पायरीने मोजते आहे, चौकार-षटकार यात नाहीत, तेवढी ढिलाई मला चालते.

यातून खेळणाऱ्याला दिसणारी गोष्टही सुधारली. आता नव्या फलंदाजावर लगेच मुख्य गोलंदाज आणायला अर्थ आहे. आधीच्या सूत्रात तो कधीही आणला तरी फरक पडत नव्हता.

१६ ऑगस्ट

फॉर्म. इथे मी जी चूक केली ती सविस्तर लिहून ठेवते, कारण ही चूक अगदी नैसर्गिक वाटते.

पहिली आवृत्ती अशी होती: गेल्या पाच डावांची सरासरी भागिले कारकिर्दीची सरासरी. उत्तर ०.५ ते १.५ च्या मध्ये अडवायचं आणि पुढच्या डावात कौशल्याला त्याने गुणायचं. चांगला खेळतोय तर आणखी चांगला खेळेल. कुणालाही पटेल असं.

तीन हंगाम आपोआप चालवले आणि फलंदाजांची यादी पाहिली. निम्मे तळाला चिकटलेले, बरेचसे माथ्याला, मधे फारसं कुणीच नाही. वर गेलेला खाली यायला तयार नाही. खाली गेलेल्याला मी संघाबाहेर काढलं तर तो खेळतच नाही, म्हणून त्याचा फॉर्मही बदलत नाही.

कारण शोधायला वही पुरली. खऱ्या ४० च्या फलंदाजाची पाच डावांची सरासरी केवळ नशिबाने २० किंवा त्याखाली जाण्याची शक्यता सुमारे ११ टक्के आहे. म्हणजे कुठल्याही दिवशी दर नऊ फलंदाजांतला एक जण काहीही बिघडलेलं नसताना त्या अवस्थेत असतो. माझा कोड त्याला म्हणतो, 'तू आता अर्धा फलंदाज आहेस.' मग तो खरोखरच अर्धा होतो, पुढचे पाच डाव खरोखरच वीसच्या सरासरीने जातात, आणि कोडला स्वतःचं म्हणणं खरं ठरलेलं दिसतं. नशिबाचं मी कौशल्यात रूपांतर केलं होतं.

२३ ऑगस्ट

नवी रचना. फॉर्म धावांमधून काढायचाच नाही. तो आत लपलेला, स्वतंत्रपणे हलणारा आकडा आहे. धावा हे त्याचं फळ आहे, बीज नाही.

```python
form = 0.8 * form + gauss(0, 0.06)
effective = skill * (1 + form)
```

दर डावाला आधीच्या फॉर्मचा ८० टक्के भाग उरतो आणि थोडा नवा हेलकावा मिळतो. तीन डावांत जुना फॉर्म निम्म्यावर येतो, त्यामुळे कुणी कायमचा चिकटून बसत नाही. हे आकडे असे निवडलेत की फॉर्मचा एकूण चढउतार कौशल्याच्या १० टक्के राहावा. ४० च्या फलंदाजाला त्याचा अर्थ साधारण चार धावा वर किंवा खाली.

चार धावा फारच थोड्या वाटतात, आणि पहिल्या दिवशी मलाही त्या कमी वाटल्या. पण पाच डावांची सरासरी नुसत्या नशिबाने १८ धावा हलते. खरा फॉर्म चारचा आणि गोंगाट अठराचा, म्हणजे धावफलक पाहून फॉर्म ओळखणं जवळपास अशक्य. निवड समितीची कोंडी मला या दोन आकड्यांत सगळ्यात स्पष्ट दिसली.

मग खेळणाऱ्याला फॉर्म कळणार कसा? यासाठी दादाला फोन केला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. तो जिल्ह्याच्या संघात जलद गोलंदाजी करायचा, आता शाळेच्या मुलांना शिकवतो.

तो म्हणाला, "अगं, आम्ही धावा बघतच नाही. नेट्समध्ये चेंडू बॅटच्या मधोमध येतोय का, पाय हलतायत का, डोकं पडतंय का, ते बघतो. मुलगा दोन भोपळे काढून येतो तरी आम्हाला ठाऊक असतं की तो लयीत आहे."

तेच घेतलं. आता प्रशिक्षकाचा अहवाल येतो, 'लयीत आहे', 'पाय जड', 'ठीक', आणि तो लपलेल्या फॉर्मवरून थोडी चूक मिसळून काढलेला असतो. प्रशिक्षक जितका चांगला, तितकी चूक कमी. धावांचा आलेख पडद्यावर ठेवलाय, कारण लोकांना तो हवा असतो, पण हिशेबात त्याचा वापर कुठेही होत नाही. एकदम चांगल्या प्रशिक्षकावर पैसे खर्च करायला आता खेळात खरं कारण मिळालं.

फुटबॉल मॅनेजरमध्ये सातत्य हा असाच लपलेला गुण आहे. तो कमी असलेला खेळाडू काही सामन्यांत स्वतःच्या गुणांइतकं खेळतच नाही. मी तो वेगळा ठेवला नाही. हेलकाव्याचा आकार, तो ०.०६, खेळाडूगणिक बदलतो एवढंच.

६ सप्टेंबर

गणपतीत गावी होते, काम बंद. येताना दादाकडे दोन दिवस राहिले आणि दुखापतींचं बोलणं झालं.

बहुतेक खेळांत दुखापत म्हणजे फासा. सामन्यात दर काही वेळाने फासा पडतो, थकवा जास्त असेल तर वाईट दान पडण्याची शक्यता वाढते, आणि जोडीला खेळाडूचा दुखापतप्रवण असण्याचा लपलेला गुण असतो. फुटबॉलमध्ये हे बऱ्यापैकी चालतं, कारण मांडीमागचा स्नायू धावतानाच ताणला जातो. जलद गोलंदाजाच्या पाठीचं तसं नाही.

दादाची पाठ एकोणिसाव्या वर्षी गेली. मणक्याच्या हाडाला ताणाने तडा. ज्या स्पर्धेत त्याने सलग पाच सामने टाकले तिथे काहीच झालं नव्हतं. नंतर तिसऱ्या आठवड्यात साध्या सरावात तो खाली बसला तो उठलाच नाही. "त्या दिवशी मी सहाच षटकं टाकली होती," हे त्याने मला तीन वेळा सांगितलं.

१३ सप्टेंबर

दादाचं म्हणणं अभ्यासातही सापडतं. ऑस्ट्रेलियात जॉन ऑर्चर्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जलद गोलंदाजांच्या षटकांचा आणि दुखापतींचा मेळ घातला. एका सामन्यात ५० हून जास्त षटकं टाकणाऱ्यांना पुढच्या २१ दिवसांत दुखापतीचा धोका सुमारे १.७७ पट दिसला. नुकसान आज होतं आणि दिसतं नंतर. फासा त्याच सामन्यात टाकला तर हे कधीच दिसणार नाही.

आधी मी संघांमध्ये प्रचलित असलेलं गुणोत्तर घातलं होतं: या आठवड्याचं ओझं भागिले गेल्या चार आठवड्यांचं सरासरी ओझं. उदाहरणाला माझा गोलंदाज क्रमांक ७. वीस षटकांच्या लीगमध्ये तो आठवड्याला दोन सामने खेळतो, म्हणजे ४८ चेंडू, आणि नेट्समध्ये ६०. एकूण १०८. लीग संपते आणि लगेच कसोटी येते, तिथे तो ३८ षटकं टाकतो, २२८ चेंडू. हे खऱ्या वेळापत्रकातही घडतं. २०२३ ची आयपीएल ३० मेच्या पहाटे संपली आणि ७ जूनला ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना सुरू झाला, ज्यात ऑस्ट्रेलियाचा पहिला डावच १२१.३ षटकं चालला.

आता गुणोत्तर काढा. चार आठवड्यांच्या सरासरीत चालू आठवडाही धरला तर छेदात १३८ येतात आणि उत्तर १.६५. चालू आठवडा वगळला तर छेद १०८ आणि उत्तर २.११. गोलंदाज तोच, चेंडू तेवढेच, पण एकदा तो पिवळ्या पट्ट्यात दिसतो आणि एकदा लाल. पहिल्या पद्धतीत वरची संख्या खालीही मिसळलेली असते, म्हणून ते गुणोत्तर चारच्या पुढे जाऊच शकत नाही. शिवाय सातव्या दिवसाचा चेंडू पूर्ण मोजायचा आणि आठव्या दिवसाचा त्यातून गायब करायचा, असं शरीर करत नाही.

गुणोत्तर काढून टाकलं.

२० सप्टेंबर

त्याच्या जागी दोन टाक्या. पहिली थकव्याची, ती चेंडूंनी भरते आणि रोज सात टक्के रिकामी होते. दुसरी झिजेची, ती थकव्याच्या टाकीतून भरते आणि तीही रोज सात टक्के रिकामी होते. धोका झिजेवर ठरतो.

```python
fatigue = 0.93 * fatigue + balls
wear = 0.93 * wear + 0.07 * fatigue
risk = base * exp(1.7 * (wear / capacity - 1))
```

दोन टाक्या एकामागे एक जोडल्यामुळे उशीर आपोआप येतो. आज टाकलेल्या चेंडूंचा झिजेवरचा परिणाम तेराव्या दिवसाच्या सुमाराला सर्वात जास्त असतो, आणि अठ्ठाविसाव्या दिवशीही शिखराच्या सत्तर टक्के शिल्लक असतो. `capacity` म्हणजे शरीराला सवय झालेली झीज. तीही हलते, पण महिन्यांच्या हिशेबाने.

१.७ हा आकडा ऑर्चर्ड यांच्या निष्कर्षावर ढोबळमानाने बसवलाय. नेहमी आठवड्याला १०८ चेंडू टाकणाऱ्याने एकदा ५० षटकं टाकली तर धोका वाढून साधारण १.७६ पट होतो.

आता क्रमांक ७ पुन्हा. एका कसोटीच्या ३८ षटकांनी त्याची झीज २१ टक्के वाढते आणि धोका १.४ पट होतो. एवढं चालून जातं. पण सात आठवड्यांत पाच कसोटी अशाच टाकल्या तर झीज नेहमीच्या १.७ पट आणि धोका तिपटीहून जास्त. पहिल्या चार कसोट्यांत त्याला काही झालं नाही, हा पुरावा नाही. टाकी भरत असते. ऑस्ट्रेलियातल्या २०२४-२५ च्या मालिकेत जसप्रीत बुमराने १५१.२ षटकं टाकली, ३२ बळी घेतले, आणि त्याची पाठ पाचव्या कसोटीत, सिडनीला, दुखावली. मालिका पाहताना मी प्रत्येक दिवशी त्याच्या हाती चेंडू दिसला की खूश व्हायचे. आता त्याच षटकांची बेरीज मी वेगळ्या नजरेने करते.

४ ऑक्टोबर

दोन छोटी कामं.

खेळणारे दुखापत झाली की जुनी जतन केलेली खेळी उघडून तो दिवस पुन्हा खेळतात. त्यामुळे यादृच्छिक आकडे ज्या सुरुवातीच्या आकड्यातून निघतात, ते बीज आता खेळीसोबतच जतन होतं. त्याच निर्णयांवर तोच निकाल. वेगळं काही घडवायचं असेल तर त्या गोलंदाजाला खरोखर विश्रांती द्यावी लागेल.

दुसरं म्हणजे चाळीस हंगाम आपोआप चालवून लीगची एकूण सरासरी तपासली. ती हळूहळू चढत होती. निवृत्त होणाऱ्यांपेक्षा नव्याने येणारे थोडे चांगले निघत होते. एका हंगामात हे दिसत नाही, पण वीस वर्षांनी सगळेच महान होतात आणि रेटिंगला अर्थ उरत नाही. नव्या मुलांचे पट्टे थोडे खाली आणले. आता रेघ सपाट आहे.

११ ऑक्टोबर

दादा आला होता. त्याला पूर्ण हंगाम खेळायला दिला आणि मी गप्प बसून पाहिलं.

त्याच्या मुख्य गोलंदाजाला पाठीची दुखापत झाली, सहा महिने बाहेर. परत आल्यावर दादाने त्याला थेट कसोटीत घेतलं नाही, आधी वीस षटकांच्या सामन्यांत चार-चार षटकं दिली. मी त्याला काही सुचवलं नव्हतं. कोडमध्ये नेमकं हेच कारण आहे: सहा महिन्यांत `capacity` इतकी उतरते की कसोटीचं ओझं तिच्या कितीतरी पट होतं. बुमरालाही २०२३ मध्ये शस्त्रक्रियेनंतर ऑगस्टमध्ये आयर्लंडविरुद्ध वीस षटकांच्या सामन्यांतूनच परत आणलं होतं.

मग त्याने संघातला अठरा वर्षांचा एक मुलगा उघडला. वेग सगळ्यात जास्त, अहवाल 'लयीत आहे', झीज हिरव्या पट्ट्यात. दादा बराच वेळ त्या पानावर थांबला.

"याची सहनशक्ती तिशीच्या गोलंदाजाएवढी का दाखवतेस? याचं हाड अजून पक्कं झालेलं नाही."

बरोबर होतं. मी वय फक्त कौशल्याला जोडलं होतं, शरीराला नाही. कमरेच्या मणक्याचे तडे कोवळ्या वयाच्या जलद गोलंदाजांत जास्त दिसतात, हे मी वाचलेलं होतं आणि तरी कोडमध्ये आणलं नव्हतं. त्याच्यासमोरच बदललं:

```python
if age < 22 and style == "fast":
    capacity *= 0.75
```

खेळी पुन्हा उघडली. मुलाची पट्टी हिरव्यावरून नारिंगी झाली होती. दादाने त्याला पुढच्या दोन सामन्यांतून काढलं आणि 'पुढे' दाबलं.